सुंतेनंतरची सूज: दिसते कशी नव्हे, चालली कुठे

प्रौढ वयात सुंता झालेल्या पुरुषाची पट्टी दुसऱ्या दिवशी सुटते आणि समोर जे दिसतं, त्याची कल्पना त्याला बहुधा कोणी दिलेली नसते. शिश्नाग्राच्या मागे, टाक्यांच्या रेषेच्या अलीकडे, कातडीचा एक गोल कडा सायकलच्या ट्यूबसारखा फुगलेला असतो. खालच्या बाजूला तो जास्त फुगलेला, जवळजवळ लोंबल्यासारखा. टाक्यांच्या कडेने वाळलेलं रक्त असतं, दांड्यावर जांभळे डाग उतरलेले असतात आणि उघड्या पडलेल्या शिश्नाग्रावर पिवळसर ओला थर धरू लागलेला असतो. पाहणाऱ्याच्या मनात एकच शब्द येतो, ‘चिघळलं’. प्रत्यक्षात यातली एकही गोष्ट चिघळल्याची खूण नाही. उलट ज्या जखमेत खरोखर काही बिघडतंय, ती सुरुवातीला कधी कधी याहून साधी दिसते. म्हणून या काळजीचं सगळं शहाणपण मला एका प्रश्नात दिसतं: आजची जखम दिसते कशी, यापेक्षा कालच्यापेक्षा आज ती कोणत्या दिशेला चालली आहे? हे म्हणणं का टिकतं आणि कुठे टिकत नाही, तेच इथे मांडायचं आहे.

‘सुंता’ म्हटलं की आपल्याकडे आधी मुसलमान समाज डोळ्यांसमोर येतो, कोकणातल्या बेने इस्रायली कुटुंबांची आठव्या दिवसाची रीत काहींना आठवते. पण पन्नाशीतल्या पुरुषावर ही शस्त्रक्रिया होते तेव्हा कारण बहुतेकदा वैद्यकीय असतं, आणि त्यात मधुमेहाचा वाटा मोठा असतो. लघवीत साखर उतरते, पुढच्या कातडीखाली बुरशी वाढते, कडेला बारीक चिरा पडतात, त्या भरताना कातडी आवळत जाते आणि एक दिवस ती मागेच सरत नाही. डॉक्टर याला फायमोसिस म्हणतात. सुश्रुतसंहितेत हाच विकार निरुद्धप्रकश या नावाने आला आहे. अशा माणसाची जखम तान्ह्या बाळाच्या जखमेसारखी नसते. रक्तवाहिन्या मोठ्या असतात, टाके बरेच पडतात, झोपेत ताठरता येते आणि रक्तातली साखर जखम भरण्याच्या आड येत असते. त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांचं ‘पोरं आठ दिवसांत खेळायला लागतात’ हे सांगणं इथे उपयोगाचं नाही.

आधी सूज का येते ते पाहू, कारण कारण कळलं की अर्धी भीती तिथेच उतरते. शिश्नाची कातडी शरीरातल्या सर्वांत सैल कातड्यांपैकी एक आहे. तिच्याखाली चरबीचा थर नाही. ती आतल्या भागावर मोज्यासारखी सरकते. जिथे ऊती सैल, तिथे पाणी साठायला जागा भरपूर. चिमटा काढल्यावर तळहात सुजत नाही पण डोळ्याची पापणी फुगून बंद होते, तसाच हा प्रकार. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कातडी गोलाकार कापली जाते तेव्हा तिच्यातून मागे जाणाऱ्या बारीक लसीकावाहिन्याही गोलाकार तुटतात. शिश्नाग्र आणि टाक्यांची रेषा यांच्यामध्ये आतल्या कातडीची साधारण बोटाच्या पेरापेक्षाही कमी रुंदीची पट्टी उरते, आणि त्या पट्टीतलं पाणी मागे नेणारे रस्ते एकाच दिवशी बंद होतात. धरणाची भिंत बांधल्यावर वरच्या अंगाला पाणी तुंबतं, तसं ते तिथे तुंबतं. म्हणून सूज रेषेच्या पुढेच गोळा होते, आणि उभं राहिल्यावर पाणी खाली उतरत असल्यामुळे खालच्या बाजूला, जिथे कातडीची शीर असते, तिथे जास्त. नवे रस्ते तयार व्हायला आठवडे लागतात. तोवर ती सूज ओसरत राहते, पण एकदम जात नाही.

एक उदाहरण दिवसागणिक चालवून पाहू. समजा, ५२ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. नऊ वर्षांपासून मधुमेह, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी ८.१. शुक्रवारी सकाळी सुंता झाली आणि संध्याकाळी घरी आले. त्या रात्री भूल उतरल्यावर ठणका लागतो, पॅरासिटामॉलने तो सोसण्याइतका होतो. शनिवारी पट्टीच्या आतच सूज वाढते. रविवारी पट्टी सुटते आणि वर वर्णन केलेलं दृश्य दिसतं. सोमवारी सूज आणखी थोडी वाढते. इथे माणूस हादरतो, कारण त्याच्या हिशेबाने तीन दिवसांत उतार पडायला हवा होता. पण ही सूज सहसा दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यानच सर्वांत जास्त असते. मंगळवारी-बुधवारी ती तेवढीच राहते, पण ठणका आदल्या दिवशीपेक्षा कमी असतो, रात्री एक गोळी कमी लागते, चालताना पाय फाकवावे लागत नाहीत. दांड्यावरचे जांभळे डाग अंडकोशाकडे उतरतात. रक्त साकळलेलं असलं की ते गुरुत्वाकर्षणाने खाली जातं, पुढे हिरवट, मग पिवळं होत विरतं. पुढच्या शुक्रवारी, म्हणजे सातव्या दिवशी, ट्यूबसारखा कडा मऊ पडलेला असतो, बोटाने हलकं दाबलं की खळगा पडतो आणि हळूहळू भरतो. दोन आठवड्यांनी बरीचशी सूज गेलेली असते. उरलेला थोडा जाडसरपणा, विशेषतः खालच्या बाजूचा, सहा आठवडे आणि कधी कधी तीन महिनेही रेंगाळतो.

आता याच गृहस्थांचा दुसरा बुधवार पाहा, म्हणजे त्याच दिवसाचं वेगळं वळण. सूज जवळपास तेवढीच. फोटो काढून दोन्ही शेजारी ठेवले, तर अनोळखी माणसाला फरक सांगता येणार नाही. पण या बुधवारी ठणका कमी होण्याऐवजी सोमवारपेक्षा वाढला आहे. लाली टाक्यांच्या रेषेशी थांबलेली नाही, दांड्यावरून जांघेकडे सरकते आहे. कातडी गरम लागते, रात्री हुडहुडी भरली होती. पहिल्या बुधवारी घरी राहणं बरोबर होतं, दुसऱ्या बुधवारी दवाखाना गाठणं गरजेचं आहे, आणि हा फरक जखमेच्या रूपात नाही, तिच्या चालीत आहे. म्हणूनच दिवसातून चार वेळा आरसा घेऊन बघण्यापेक्षा रोज एकदाच, सकाळच्या आंघोळीनंतर, त्याच उजेडात पाहावं आणि चार गोष्टी कालशी ताडून घ्याव्यात: दुखणं, लाली कुठवर आली आहे, ओल आणि ताप. दर तासाला पाहणाऱ्याला दिशा कळत नाही, फक्त धास्ती वाढते.

सूज उतरवायला औषधापेक्षा उंची कामी येते. शिश्न खाली लोंबत राहिलं तर पाणी तिथेच तुंबतं. पोटाच्या बाजूला वर वळवून, अंगासरशी बसणाऱ्या सुती चड्डीत ठेवलं तर ते मागे सरकायला मदत होते. सैल बर्म्युडा किंवा लुंगी आरामाची वाटते, आणि नेमकी हीच सवय सूज रेंगाळायला कारण होते, शिवाय कापड हुळहुळणाऱ्या शिश्नाग्रावर घासत राहतं ते वेगळंच. पहिले दोन-तीन दिवस शक्य तेवढं आडवं पडावं. बर्फ लावायचाच असेल तर रुमालात गुंडाळून, थोडा वेळच, आणि जांघेच्या बाजूने. भूल पूर्ण उतरलेली नसताना थेट लावलेल्या बर्फाने कातडी होरपळल्यासारखी होऊ शकते आणि ते कळतही नाही.

पट्टीबद्दल घरोघरी एक ठाम समज असतो, की जखम जितके दिवस झाकून ठेवू तितकी ती सुरक्षित. या जखमेच्या बाबतीत तो मला चुकीचा वाटतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर बांधलेल्या पट्टीचं काम मर्यादित आहे. व्हॅसलीन लावलेला जाळीदार गॉज टाक्यांना चिकटू देत नाही, वरचा कोरडा गॉज पाझर शोषतो आणि बाहेरची ताणाची पट्टी पहिल्या दिवशीच्या रक्तावर हलका दाब ठेवते. हे काम २४ ते ४८ तासांत संपतं. त्यानंतर त्याच पट्टीत लघवीचे थेंब, घाम आणि रक्त एकत्र मुरतात आणि जंतूंना उबदार ओली जागा मिळते. शिवाय आतली सूज वाढत असताना बाहेरची पट्टी तेवढीच राहते, म्हणजे काल बेताची असलेली पट्टी आज आवळते. पहिल्या दोन दिवसांत शिश्नाग्राचं टोक पट्टीतून दिसत असेल तर त्याचा रंग पाहत राहावं. गुलाबी किंवा लालसर जांभळा असेल आणि स्पर्श कळत असेल तर ठीक. निळं-काळं पडत असेल, गार लागत असेल, बधिर झालं असेल, तर पट्टी घट्ट झाली आहे; ती सैल करावी, आणि रंग परतला नाही तर लगेच निघावं.

पट्टी काढताना घाई केली की रक्त निघणारच. कोमट पाण्याच्या बादलीतून मगाने हळूहळू पाणी ओतत राहावं, दहा-पंधरा मिनिटं लागली तरी चालेल. गॉज ओला होऊन आपसूक सुटू लागला की मगच ओढावा. एखादा धागा टाक्यात अडकून राहिला तर तो ओढून तोडू नये. पुन्हा भिजवावा, नाहीच सुटला तर कात्रीने मोकळा भाग कापून बाकीचा दुसऱ्या आंघोळीवर सोडावा. पुढे रोज एक-दोनदा साधं कोमट पाणी, वास नसलेला सौम्य साबण आसपासच्या भागाला, आणि मग न चोळता टिपून कोरडं करणं एवढंच. चड्डी जखमेला चिकटू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेलं मलम किंवा साधं व्हॅसलीन पातळ लावावं, आणि पाझर असेपर्यंत वर स्वच्छ गॉजची घडी ठेवावी. कापूस नको, त्याचे तंतू टाक्यांत गुंततात.

यावर आक्षेप येतो तो असा: आपल्याकडची धूळ, घाम, पावसाळ्यातली दमट हवा, उघड्या जखमेत जंतू शिरणार नाहीत का? आक्षेप पोकळ नाही, पण जखम ‘उघडी’ म्हणजे उघड्यावर नव्हे. ती स्वच्छ, रोज बदललेल्या चड्डीत असते. नीट जुळलेल्या टाक्यांच्या कडा पहिल्या दोन दिवसांतच वरून मिटू लागतात आणि या भागाचा रक्तपुरवठा इतका चांगला आहे की जखम भरायला तो अनुकूल असतो. दमट हवेत तर ओली पट्टी आणखी वाईट, कारण ती वाळतच नाही. जंतूंच्या भीतीने डेटॉल, स्पिरिट, जखमेवर भुरभुरायची पावडर किंवा हळद लावणाऱ्यांना माझं सांगणं कळकळीचं आहे. जंतुनाशकाच्या तीव्र पाण्याने जंतूंबरोबर जखम भरणाऱ्या पेशीही होरपळतात, आणि पावडर-हळदीचा गिलावा झाला की खाली लाली पसरते आहे का, ते पाहताच येत नाही. ज्या खुणेवर सगळी भिस्त, तीच झाकली जाते. आफ्रिकेत गेली अनेक वर्षं चाललेल्या प्रौढ सुंतेच्या मोहिमांत धनुर्वाताची मोजकी पण प्राणघातक प्रकरणं आढळली, आणि त्यांतल्या काहींत जखमेला घरगुती पदार्थ लावलेले होते. धनुर्वाताची लस झाली आहे का, हा प्रश्न म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच विचारायचा असतो.

रक्ताचं गणित थोडं वेगळं, कारण इथे दिशा दिवसांत नव्हे, मिनिटांत पाहावी लागते. पहिल्या दिवशी पट्टीवर रुपयाच्या नाण्याएवढा डाग पडणं, पुढचे काही दिवस चड्डीवर शर्टाच्या बटणाएवढे ठिपके दिसणं, ताठरतेनंतर एखादा थेंब येणं, यात वावगं काही नाही. पट्टीवरचा डाग दिसला की पेनाने त्याच्या कडेने रेघ ओढावी आणि बाजूला वेळ लिहावी. तासाभराने डाग रेघेच्या आतच असेल तर रक्त थांबलं आहे. रेघ ओलांडून पसरला असेल, किंवा पट्टी सुटल्यावर थेंबामागे थेंब पडत असेल, तर गॉजची जाड घडी नेमक्या त्या जागी ठेवून अंगठा आणि बोटांनी घट्ट दाबून धरावी. दहा मिनिटं, घड्याळ लावून. मध्ये उचलून ‘थांबलं का’ बघायचं नाही, कारण धरू लागलेली गुठळी प्रत्येक वेळी सुटते आणि मोजणी पहिल्यापासून सुरू करावी लागते. माणसं तासभर दाबल्याचं सांगतात आणि त्या तासात वीस वेळा उघडून पाहिलेलं असतं. खालच्या शिरेजवळची छोटी धमनी हे रक्ताचं नेहमीचं ठिकाण, म्हणून दाब तिथे खालच्या बाजूने नीट बसला आहे का ते पाहावं. दहा मिनिटांनी थांबलं नाही तर आणखी एकदा दहा. तरीही वाहत असेल तर दाब तसाच ठेवून इस्पितळात जावं, रात्र असली तरी. रक्त थांबवायला दोरा, रबर किंवा केस बांधणं हा उपाय नव्हे. त्याने पुढचा भाग काही तासांत मरू शकतो.

बाहेर न येता आत साठणारं रक्त जास्त फसवं असतं. साधी सूज सगळ्या बाजूंनी असते, खाली थोडी जास्त, मऊ आणि कड्यासारखी. साकळलेल्या रक्ताची गाठ एकाच बाजूला, ताठ, गडद जांभळी आणि बोटाला टणक लागते, आणि काही तासांत वाढत जाते. ती लहान असेल आणि वाढत नसेल तर शरीर विरघळवतं. वाढत असेल तर डॉक्टरांना एखादा टाका सोडून ती काढावी लागते. या संदर्भात आपल्या घरांतली एक सवय सांगायलाच हवी: दुखलं की डिस्प्रिन. त्यात अ‍ॅस्पिरिन असतं आणि ते रक्त गोठण्याच्या आड येतं, म्हणून वेदनेसाठी ते घेऊ नये. मात्र हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंदही करू नये. तो निर्णय शस्त्रक्रिया करणाऱ्याने आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून आधीच घेतलेला असायला हवा.

पिवळ्या थराने जितके लोक घाबरतात तितके कदाचित रक्तानेही नसतील. शिश्नाग्र इतकी वर्षं कातडीखाली ओलं होतं. आतली चिकटलेली कातडी सोडवताना ते खरवडल्यासारखं होतं आणि त्यावर गुडघा खरचटल्यावर येते तशी लस येते. ती हवेवर दाटते आणि पिवळसर साय धरते. ही खपलीच आहे, फक्त ओल्या जागेवरची. ती पुसल्याने निघत नाही, तिला वास नसतो, आणि आठ-दहा दिवसांत ती आपोआप झडते. ओरबाडून काढली तर खालून रक्त येतं आणि पुन्हा तीच साय धरते. पू वेगळा असतो: तो टाक्यांच्या फटीतून येतो, दाबल्यावर जास्त येतो, दाट असतो, पुसला तरी पुन्हा जमतो आणि त्याला घाण वास येतो. संसर्ग बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर डोकं वर काढतो. म्हणजे दुखणं उताराला लागायच्या वेळीच ते चढू लागतं. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आणि पसरती लाली असेल तर मलम बदलून वाट पाहण्यात अर्थ नाही.

आपल्या उदाहरणातल्या गृहस्थांसारख्या मधुमेहींसाठी इथे दोन गोष्टी जास्तीच्या आहेत. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंडांसाठी त्या गुणकारी आहेत, पण त्याच साखरेवर जननेंद्रियाची बुरशी पोसते, आणि कित्येकांना सुंतेपर्यंत आणणाऱ्या चिरांत त्यांचाही हात असतो. शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी त्या थांबवायला सांगतात, पण पुन्हा केव्हा सुरू करायच्या हे विचारायचं राहून जातं. ते लिहून घ्यावं आणि तोवर साखर कशी आवरायची तेही विचारावं. दुसरी गोष्ट दुर्मीळ आहे, पण तिच्याबाबत एक रात्रही थांबता येत नाही. पॅरिसच्या जाँ आल्फ्रेद फुर्निए यांचं नाव मिळालेला, त्यांनी १८८३ मध्ये वर्णन केलेला सडका संसर्ग कातडीखालून अंडकोश आणि जांघेत वेगाने पसरतो. त्याची पहिली खूण फसवी असते. बाहेरून थोडीच लाली असते, पण दुखणं तिच्या मानाने कितीतरी जास्त. मग कातडी काळसर पडते, फोड येतात, दाबल्यावर खाली बुडबुडे फुटल्यासारखं लागतं, माणूस ग्लानीत जातो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये या गोळ्यांच्या संदर्भात याचा इशारा दिला होता. दिसणं आणि दुखणं यांचं प्रमाण जुळत नसेल तर दिसण्यावर भरवसा ठेवू नये.

इथे माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप आपोआप उभा राहतो. दिशा पाहायची म्हणजे वाट पाहणं आलं, आणि काही बिघाड वाट पाहू देत नाहीत. हे मान्य आहे. दाबूनही न थांबणारं रक्त, पट्टी सैल करूनही निळं-काळं राहणारं शिश्नाग्र, वाढत जाणारी टणक गाठ, मूत्राशय भरून पोट दुखत असतानाही सहा-आठ तास लघवी न होणं, आणि ताप किंवा असह्य वेदनेसह पसरणारी लाली, या बाबतींत तुलना करत बसायचं नसतं. लघवी अडली तर आधी कोमट पाणी ओतत, बसून, घाई न करता करून पाहावी. चरचरण्याच्या भीतीने माणूस ती अडवून धरतो, आणि धार थोडे दिवस फवाऱ्यासारखी उडते तेही चालतं. पण होतच नसेल तर जायलाच हवं. बाकी सगळ्या गोष्टींना मात्र ‘काल कसं होतं?’ हा प्रश्न पुरतो.

कोणी म्हणेल, रुग्णावर हा निवाडा सोपवायचाच कशाला, शंका आली की डॉक्टरांकडे जावं. तत्त्व बरोबर आहे, अडचण लाजेची आहे. या जागेचं दुखणं माणूस बायकोलाही धड सांगत नाही. तो मेडिकलवाल्याला दबक्या आवाजात ‘जखमेवर लावायला काहीतरी’ मागतो, आणि जायला हवं तेव्हा सोमवारपर्यंत थांबतो. निरुपद्रवी सुजेने घाबरून नको ती मलमं लावणारा आणि वाढती लाली सोसत बसणारा, हा पुष्कळदा एकच माणूस असतो. त्याला काय वाट्याला येणार हे आधी सांगून ठेवलं तर दोन्ही चुका टळतात. दक्षिण आफ्रिकेतलं ऑरेंज फार्म, केनियातलं किसुमू आणि युगांडातलं राकाई इथे झालेल्या आणि २००५ ते २००७ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या तीन मोठ्या चाचण्यांत हजारो प्रौढांची सुंता झाली, आणि त्रासदायक गुंतागुंत साधारण दीड ते चार टक्क्यांत आढळली. पुढे तिथल्या मोहिमांत दोन दिवसांनी, सात दिवसांनी आणि सहा आठवड्यांनी तपासणी हा रिवाज ठरला. पहिली पट्टीसाठी, दुसरी संसर्ग हेरण्यासाठी, तिसरी जखम भरल्याची खात्री करण्यासाठी. त्या चाचण्यांतले पुरुष तरुण आणि बहुतांशी निरोगी होते, म्हणून तो आकडा आपल्या ५२ वर्षांच्या गृहस्थांना जसाच्या तसा लावता येणार नाही, पण वेळापत्रक नक्की लावता येतं. आपल्याकडे एकच ‘आठ दिवसांनी दाखवा’ असतं. दुसऱ्या दिवशीचा फोन कोणाला करायचा, तो नंबर घरी जाण्याआधी मागून घ्यावा.

शहरांत ‘लेझर सुंता’ आणि ‘स्टेपलर सुंता’ यांच्या जाहिराती जोरात असतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की यात काळजी घ्यावीच लागत नाही. लेझरने कापलं काय आणि चाकूने कापलं काय, लसीकावाहिन्या तुटतातच, म्हणून सूज येतेच. स्टेपलरने वेळ वाचतो आणि सुरुवातीचं रक्तही कमी जातं, पण टाक्यांऐवजी बारीक धातूच्या पिना असतात. त्या साधारण दोन ते चार आठवड्यांत एकेक करून गळतात. एखादी कातडीत रुतून राहिली तर ती डॉक्टरांनी काढायची, नखाने उपटायची नाही. विरघळणारे टाकेही एक ते तीन आठवड्यांत असेच सुटतात. एखादा टाका लवकर निघून तिथे तांदळाच्या दाण्याएवढी फट दिसली तर ती आतून भरून येते. फट बोटाच्या पेराएवढी असेल तर दाखवावी.

रात्रीच्या ताठरतेबद्दल कोणी बोलत नाही, आणि पहिल्या आठवड्यात झोप मोडणारं ते मुख्य कारण असतं. झोपेतल्या स्वप्नांच्या टप्प्यांत ती प्रत्येक निरोगी पुरुषाला रात्रीतून तीन-चारदा येते, मनात काही असो-नसो. टाके ओढले जातात, माणूस दचकून उठतो. उठून लघवी करून यावं, गार फरशीवर चार पावलं चालावं, कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपावं. टाके त्यासाठी पुरेसे घट्ट असतात, त्या ओढीने सगळं उसवत नाही.

उसवतं ते घाईने. तीन आठवड्यांनी जखम वरून पूर्ण मिटलेली दिसते, पण त्या वेळी तिची ताकद मूळ कातडीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच असते. इथे मात्र दिसणं चांगलं आणि आतली स्थिती अपुरी. म्हणून बैठं काम आठवड्याभरात सुरू झालं आणि दुचाकी दोन आठवड्यांनी, तरी शरीरसंबंध आणि हस्तमैथुन यांना सहा आठवडे थांबायला सांगतात. न भरलेल्या जखमेतून एचआयव्हीसारखे संसर्ग सहज जातात, दोन्ही बाजूंनी, हेही त्यामागे आहे.

सहाव्या आठवड्याच्या त्या भेटीत आपल्या गृहस्थांनी एक कागद मागायला हवा. कापलेली कातडी तपासणीला पाठवली होती का, आणि अहवाल काय आला? कातडीवर पांढरे, चामड्यासारखे चट्टे असतील तर तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा विकार असू शकतो. तो मूत्रमार्गाचं तोंडही आवळतो आणि महिन्या-वर्षांनी लघवीची धार बारीक होऊ लागते. क्वचित या कातडीत कर्करोगाची सुरुवातही सापडते. पाठवली नसेल तर निदान मूत्रमार्गाचं तोंड तेव्हाच नीट पाहून घ्यावं आणि धार बारीक झाली तर परत यायचं, हे फाइलवर लिहून घ्यावं.